पोट कधी फुगते ते आधी पाहा: सब्जा, बडीशेप, ओवा आणि जिरे यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी

सब्जा, बडीशेप, ओवा आणि जिरे रात्री एकाच ग्लासात भिजत घालायचे आणि सकाळी अनशापोटी ते सगळे पिऊन टाकायचे, अशी पद्धत आता बऱ्याच घरांत दिसते. पोट फुगते, गॅस धरतो, शौचाला साफ होत नाही, या सगळ्यांवर हा एकच उपाय सांगितला जातो. काहींना त्याने बरे वाटते, काहींना काहीच फरक पडत नाही, आणि काहींचे पोट आधीपेक्षा जास्त गच्च होते. याचे कारण या चार जिनसांमध्येच आहे. त्यातल्या तीन एक काम करतात आणि चौथी अगदी वेगळे. तुमच्या पोटाला यापैकी कोणते काम हवे आहे हे न पाहता चारही एकत्र घेतल्या, तर गुण येणे हा योगायोग ठरतो.

बडीशेप, ओवा आणि जिरे ही एकाच कुळातली, कोथिंबीर आणि गाजराच्या नात्यातली. आपण ज्याला बी म्हणतो ते खरे तर त्या झाडाचे वाळलेले बारीक फळ असते. त्याच्या सालीत तेलाच्या अगदी सूक्ष्म नळ्या असतात आणि जो काही गुण आहे तो बहुतांशी त्या तेलात असतो. बडीशेपेत ॲनेथॉल, ओव्यात थायमॉल, जिऱ्यात क्युमिनाल्डिहाइड. दाणा दाताखाली चावला की जो वास येतो तो याच द्रव्यांचा. आतड्याच्या भिंतीतले स्नायू आवळले गेले असतील तर ही द्रव्ये ते थोडे सैल करतात, असे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. स्नायू सैल झाला की अडकलेला वायू पुढे सरकतो, ढेकर येते किंवा खालून वायू सरतो, आणि कळ थांबते. या तिघांचे काम एवढेच. पोटात वायू तयार होणे ते थांबवत नाहीत. छोल्यातली किंवा दुधातली जी साखर तुम्हाला पचत नाही, ती पचवूनही देत नाहीत.

सब्जा ही रानतुळशीच्या जातीच्या एका तुळशीची बी. तिच्यात असे वासाचे तेल जवळजवळ नाही. तिच्या सालीवर एक चिकट तंतू असतो, तो पाणी ओढून घेतो आणि दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण तयार होते. पोटात गेल्यावर तो बुळबुळीतपणा बराचसा टिकून राहतो, मळात पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ करतो. म्हणजे सब्जाचे काम मोठ्या आतड्यात आहे आणि ते व्हायला दिवस लागतात. जेवणानंतर पोट टम्म झाले म्हणून सब्जा प्यायलात, तर त्या क्षणी भरलेल्या पोटात आणखी एक कप ऐवज जातो, इतकाच परिणाम होतो. शिवाय हा तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू थोडाफार आंबवतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात वायू थोडा वाढतोही.

म्हणून कोणताही दाणा तोंडात टाकण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: पोट नेमके कधी फुगते?

जेवण संपता संपता किंवा त्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात पोट वरच्या भागात, फासळ्यांच्या खाली, गच्च होत असेल तर गोष्ट जठराची आहे. घाईघाईने जेवणे, जेवताना बोलत हवा गिळणे, सोडावॉटर, एका वेळी फार खाणे, तेलकट खाणे ही नेहमीची कारणे. इथे जेवणानंतर चावलेली चमचाभर बडीशेप किंवा चिमूटभर ओवा उपयोगी पडतो.

जेवणानंतर चार-सहा तासांनी, बेंबीच्या खाली गुडगुड सुरू होत असेल आणि वायू फार सरत असेल, तर न पचलेले अन्न मोठ्या आतड्यात पोचून तिथे आंबते आहे. हरभरा, वाल, मटकी, चवळी, राजमा यांच्यात काही साखरी अशा असतात की त्या फोडणारे पाचक द्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतेच. ते कुणाच्याच पोटात नसते, त्यामुळे यात तुमचे काही बिघडलेले नाही. कांदा, लसूण आणि गहू यांतल्याही काही साखरींचे असेच होते आणि बऱ्याच मोठ्या माणसांना दुधातली साखर पचत नाही. रात्री साडेनऊला खाल्लेली उसळ पहाटे पोट फुगवते ती अशी. या माणसाने जेवल्याबरोबर बडीशेप खाल्ली तर ती जठरातून केव्हाच पुढे निघून जाते. त्रास सुरू होतो तेव्हा तिचा प्रभाव उरलेला नसतो. त्याने बडीशेपेचा काढा त्रासाच्या वेळी घ्यायला हवा. आणि खरा उपाय दाण्यांत नसून कडधान्य भिजवण्यात आहे, त्याकडे पुढे येते.

तिसरा प्रकार असा, की सकाळी पोट बरे असते आणि दिवस चढेल तसे ते फुगत जाते, संध्याकाळी नाडी किंवा पट्टा रुततो, शौचाला दोन-तीन दिवसांनी होते, खडा होतो, आणि साफ झाले त्या दिवशी पोट हलके वाटते. हा बद्धकोष्ठाचा फुगवटा. साचलेल्या मळाच्या मागे वायू अडकतो आणि पुढे सरकत नाही. सब्जाची जागा इथे आहे.

बऱ्याच जणांत दोन प्रकार एकत्र असतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, ४७ वर्षांच्या एक बाई आहेत. कल्याणहून लोकलने ठाण्याला बँकेत जातात. सकाळी पोहे किंवा उपमा आणि चहा, दुपारी डब्यात पोळी-भाजी, दिवसभरात दुधाचे चार कप चहा, रात्री साडेनऊला पोळी, उसळ, भात. साडेदहाला झोप. प्रवासात आणि कचेरीत स्वच्छतागृहाची अडचण नको म्हणून पाणी जपूनच पितात. पोट फुगते म्हणून महिनाभर त्या रोज सकाळी दोन चमचे सब्जा आणि एकेक चमचा बडीशेप, ओवा, जिरे असे सगळे एका ग्लासात घेत आहेत. आता पोटात जळजळही सुरू झाली आहे आणि शौचाला अजून घट्ट होते.

या दोन्ही तक्रारी त्या ग्लासातूनच आल्या असण्याची शक्यता मोठी आहे. चमचाभर ओवा रिकाम्या पोटी पुष्कळ होतो. थायमॉल तिखट असते, ते जठराच्या आतल्या अस्तराला झोंबते. आणि दोन चमचे सब्जा घेऊन वर दिवसभर पाणी न पिणे म्हणजे तंतू वाढवायचा आणि तो भिजायला काही द्यायचे नाही. तो मळात कोरडेपणाच वाढवतो.

म्हणून पहिला आठवडा काहीच घ्यायचे नाही. चारही बंद. एका वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या: काय आणि किती वाजता खाल्ले, पोट किती वाजता फुगले, शौचाला झाले का आणि मळ कसा होता, आणि बेंबीच्या रेषेत टेपने घेतलेले पोटाचे माप, एकदा सकाळी चहाच्या आधी आणि एकदा रात्री आठला. टेपचे माप मी मुद्दाम सांगते आहे. ‘पोट फुगल्यासारखे वाटते’ आणि ‘पोट खरोखर वाढते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असताना दुसरी नसणे हे अगदी नेहमीचे आहे. काही जणांच्या आतड्यांच्या नसा जास्त संवेदनशील असतात. नेहमीइतकाच वायू असला तरी त्यांना पोट ताणल्यासारखे होते. अशा वेळी वायू काढून टाकण्याच्या मागे लागून फारसे हाती येत नाही. संध्याकाळचे माप सकाळपेक्षा थोडे जास्त येणे बहुतेकांत सामान्यच असते, त्याने घाबरायचे कारण नाही. दिवसातून १०-२० वेळा वायू सरणे हेही सामान्य आहे.

आठवड्यानंतर या बाईंच्या वहीत दोन गोष्टी दिसतात. शौचाला न होण्याचा दुसरा-तिसरा दिवस असतो तेव्हा दुपारी चारपासून पोट फुगते आणि टेपचे मापही वाढते. आणि ज्या रात्री उसळ असते त्या पहाटे गुडगुड होते. म्हणजे मुख्य प्रकार तिसरा, जोडीला दुसरा. पहिला प्रकार, ज्यासाठी लोक जेवणानंतर बडीशेप खातात, यांना जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या आठवड्यापासून फक्त सब्जा सुरू करायचा. अर्धा चहाचा चमचा, एक कप पाण्यात भिजवून, न्याहारीबरोबर. चार-पाच दिवसांनी एक सपाट चमचा, आणि तिथेच थांबायचे. त्याचबरोबर रोजच्यापेक्षा तीन ग्लास पाणी जास्त: एक उठल्यावर, एक अकराच्या सुमाराला, एक दुपारी चारला. आणि सकाळच्या न्याहारीनंतर दहा मिनिटे, घाई न करता, शौचाला बसायचे. जठरात अन्न गेले की मोठे आतडे हलू लागते, ही शरीराची स्वतःची सवय आहे आणि ती सकाळी सगळ्यांत जोरात असते. लोकल गाठायच्या नादात तोच वेळ निघून जातो. पाश्चात्त्य पद्धतीचे भांडे असेल तर पायाखाली पाट घेतला की गुडघे वर येतात आणि कुंथावे कमी लागते.

या आठवड्यात वायू थोडा वाढेल हे आधीच माहीत असावे, नाहीतर ‘सब्जा बाधला’ म्हणून तो तिसऱ्याच दिवशी बंद होतो. मळ मऊ होऊ लागायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. तीन आठवड्यांनंतर दिवसाआड किंवा रोज साफ होऊ लागले आणि संध्याकाळचा ताण निम्म्याने कमी झाला, तर हा उपाय लागू पडला असे समजावे. तीन आठवडे पाणी, वेळ आणि सब्जा सगळे नीट सांभाळूनही काहीच बदल नसेल, तर प्रमाण वाढवत जाऊ नये. विशेषतः मळ मऊ झाला आहे पण तो बाहेरच येत नाही, फार कुंथावे लागते, साफ झाल्यासारखे वाटत नाही, असे असेल तर अडचण बहुधा गुदद्वाराजवळच्या स्नायूंची असते. ते वेळेवर सैल पडत नाहीत. त्यावर कोणताही तंतू चालत नाही. त्यासाठी डॉक्टरांना दाखवून स्नायूंचा वेगळा व्यायाम शिकावा लागतो.

एक हिशेब इथेच सांगून ठेवते. चहाच्या सपाट चमच्याभर सब्जात जेमतेम दोनेक ग्रॅम तंतू असतो. दिवसाला २५-३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवा. एक मध्यम पेरू त्या चमचाभर सब्जापेक्षा जास्त तंतू देतो. म्हणून जेवणात पालेभाजी, कोशिंबीर, ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट फळ यांची वानवा असेल, तर सब्जाने ती भरून निघत नाही. मळ मऊ ठेवायला त्याची मदत होते, तेवढ्यापुरता त्याला ठेवावे.

आता उसळ. आपल्या या बाईंनी कडधान्य सोडण्याची गरज नाही. हरभऱ्यासारखे टणक कडधान्य दहा-बारा तास भिजवायचे, ते पाणी फेकून द्यायचे आणि ताज्या पाण्यात शिजवायचे. पोट फुगवणाऱ्या साखरींचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. मोड आणले तर आणखी कमी होतो. भिजवलेले पाणी ‘सत्त्व आहे’ म्हणून त्यातच शिजवण्याची सवय असेल तर ती या एका कारणासाठी सोडावी. उसळ रात्रीऐवजी दुपारी आणि एका वेळी अर्धी वाटी. फोडणीतल्या हिंग-जिऱ्याने आणि वरून टाकलेल्या ओव्याने कळ कमी होते, पण साखरी आहेत तेवढ्याच राहतात. एवढे करूनही एखाद्या पहाटे गुडगुड झाली, तर त्या वेळी बडीशेपेचा काढा.

मग राहिला चहा. चार कप चहात बरेच दूध जाते. पाच दिवस कोरा चहा पिऊन पाहायचा, बाकी काही बदलायचे नाही. फुगवटा स्पष्ट कमी झाला आणि दूध सुरू केल्यावर पुन्हा आला, तर उत्तर मिळाले. अशा माणसाला दही आणि ताक बहुधा सोसते, कारण विरजण लागताना दुधातली काही साखर जिवाणू संपवतात. एका वेळी एकच बदल, हा नियम मी फार आग्रहाने सांगते. सगळ्या गोष्टी एकदम केल्या की बरे वाटले तरी कशाने ते कळत नाही, आणि माणूस नको त्या गोष्टी आयुष्यभर पाळत बसतो.

आणि एक गोष्ट यातल्या कशानेही जाणार नाही. ४७ वर्षांच्या बाईचे पोट पाळीच्या आधी चार-सहा दिवस फुगत असेल, तर त्यामागे संप्रेरकांचे चढउतार आणि अंगात साठणारे पाणी असते. तो वायू नाही, त्यामुळे वायू सारणारे दाणे तिथे निरुपयोगी आहेत. त्या दिवसांत लोणचे, पापड, फरसाण कमी केले तर थोडा फरक पडतो. वहीत पाळीची तारीख लिहिली की हे आपोआप दिसते.

दाणे कसे वापरायचे यावर बरेच काही अवलंबून आहे. बडीशेपेतले तेल पाण्यात फार विरघळत नाही आणि वाफेबरोबर पटकन उडून जाते. म्हणून अख्खी बडीशेप रात्रभर थंड पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी प्यायले तर त्यात फार थोडे उतरलेले असते. एक सपाट चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम बडीशेप खलबत्त्यात भरड कुटायची. कुटताना वास नाकात चढला पाहिजे. नाही चढला तर ती बडीशेप जुनी आहे, तिचे काही होणार नाही. ती कपात घालून वर उकळते पाणी ओतायचे, लगेच बशी झाकायची आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवायचे. बशी उचलल्यावर तिच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही कपात पाडायचे, त्यांत तेल असते. मग गाळून कोमट प्यायचे. गॅसवर उघड्या भांड्यात खळाखळा उकळलेल्या बडीशेपेचा वास साऱ्या घरभर दरवळतो, आणि जेवढा घरात गेला तेवढा कपातून गेला. युरोपातल्या औषध नियामक संस्थेनेही बडीशेपेचा असाच काढा पोटातल्या सौम्य कळा आणि वायूसाठी पारंपरिक उपयोगाच्या आधारे मान्य केला आहे, दिवसातून तीनदा, पण सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. रोजच्या जेवणानंतर अर्धा चमचा चघळायला ही अट लावायचे कारण नाही. साखर लावलेली रंगीत बडीशेप मात्र मुखवास म्हणून ठीक, उपाय म्हणून नाही. किराणा दुकानात ‘बाळंतशोपा’ मागितल्यास शेपूच्या बिया मिळतात, त्या चपट्या आणि तपकिरी असतात. बडीशेप हिरवट आणि भरीव असते, आणि इथे तीच घ्यायची आहे.

ओव्याचे उलट आहे. तो काढ्यापेक्षा चावूनच घ्यावा. पाव चमचा ओवा तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळायचा, तुसे फुंकून टाकायची, चिमूटभर मीठ घालून नीट चावायचा आणि वर कोमट पाणी प्यायचे. जिभेला झोंबेल, थोडी बधिरही होईल, तेच थायमॉल. लागू पडणार असेल तर साधारण अर्ध्या तासात ढेकर येते किंवा वायू सरतो आणि कळ ओसरते. तो आराम तास-दोन तास टिकतो. दिवसातून दोनदा पाव चमचा यापुढे जाऊ नये, आणि छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे हा त्रास असणाऱ्याने ओवा टाळावाच. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडपही स्नायूचीच असते. जे आतडे सैल करते ते तिलाही सैल करू शकते. त्यामुळे अशा माणसाला बडीशेपेनेही जळजळ वाढल्यासारखी वाटली तर नवल नाही. ओव्यात सोडा आणि पादेलोण घालून रोज फक्की मारणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी तर हे ध्यानात घ्यावे, की त्या फक्कीतून ते रोज मीठच खात आहेत.

जिरे तिघांत सगळ्यांत सौम्य. मंद आचेवर कोरडे भाजून, ताजी पूड करून, अर्धा चमचा पूड पातळ ताकात घालून दुपारच्या जेवणाबरोबर घेणे हा आपल्याकडचा प्रकार मला सगळ्यांत पटतो. त्याने भूक थोडी सुधारते, जेवण हलके वाटते. यापलीकडे जिऱ्याकडून फार मागू नये. जिरेपाण्याने चरबी झडते हे जे सांगितले जाते, त्यासाठी कुणी ते पिऊ नये. पोट फुगणे आणि पोटावरची चरबी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. सकाळ-संध्याकाळच्या मापात फरक पडतो तो वायूचा. दोन्ही वेळी जे मोठे असते ते पोट वेगळे.

सब्जा भिजवणे सोपे असले तरी चूक तिथेच होते. पसरट वाटीत पाणी आधी घ्यायचे, दाणे वरून भुरभुरायचे आणि लगेच ढवळायचे. दाण्यांवर पाणी ओतले तर गोळी होते, बाहेरून फुगते आणि आत कोरडी राहते. १५-२० मिनिटांनी प्रत्येक काळ्या ठिपक्याभोवती राखाडी पारदर्शक कवच दिसले पाहिजे. चमच्याने दाबल्यावर कुठे कडक कोरडा दाणा लागत असेल तर आणखी थांबायचे. कोरडा सब्जा चमच्याने तोंडात टाकून वर पाणी प्यायचे, असे कधीही करू नये. तो अन्ननलिकेतच फुगू शकतो. अमेरिकेत २०१४ साली नोंदल्या गेलेल्या एका प्रकरणात, सब्जासारख्याच फुगणाऱ्या चियाचे चमचाभर कोरडे दाणे खाऊन वर पाणी प्यायलेल्या माणसाच्या अन्ननलिकेत ते अडकले आणि दुर्बिणीने जठरात ढकलावे लागले. लहान मुले, गिळायला त्रास होणारी वयस्क माणसे आणि अर्धांगवायू होऊन गेलेले रुग्ण यांना भिजवलेला सब्जाही देऊ नये.

संशोधनाचा आधार किती, हेही स्पष्ट सांगायला हवे. आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार असलेल्या रुग्णांवर इटलीत बडीशेपेच्या तेलाचा हळदीतल्या कर्क्युमिनसह अभ्यास झाला आणि महिनाभरात तक्रारी कमी झाल्याचे दिसले. इराणमध्ये जिऱ्याच्या तेलाने अशाच रुग्णांना आराम पडल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. या विकारात नुसत्या समजुतीनेही पुष्कळांना बरे वाटते, त्यामुळे असा गट नसणे ही मोठी उणीव. आणि दोन्ही ठिकाणी वापरले ते मोजून दिलेले तेल होते. चिमूटभर दाण्यात किती तेल आहे हे पीक, साठवण आणि वय यांवर ठरते. म्हणून अभ्यासातला गुण जसाच्या तसा आपल्या कपात उतरेल असे धरू नये. सौम्य त्रासाला तासाभराचा आराम, एवढी अपेक्षा रास्त आहे.

काही औषधे स्वतःच पोट फुगवतात किंवा मळ घट्ट करतात, हे दाणे शोधण्याआधी तपासावे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होते. थायरॉइड कमी असेल तर आतडे मंदच चालते, तिथे सब्जा नव्हे, थायरॉइडची तपासणी हवी. आणि सब्जाचा बुळबुळीत थर औषधाला शोषले जाऊ देत नाही, म्हणून कोणतीही गोळी आणि सब्जा यांत दोन तास अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सकाळचा सब्जा दुपारी न्यावा. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असून थोडे खाल्ले तरी तासन्‌तास पोट भरलेले राहत असेल, तर जठर रिते व्हायला उशीर लागत असतो. तिथे सब्जाने भर पडते, तो घेऊ नये. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन गेली असेल किंवा आतडे कुठे अरुंद झाल्याचे सांगितले गेले असेल, तरीही नाही. गरोदरपणात स्वयंपाकातले जिरे-ओवा चालतात, काढे आणि अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. चार वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचा काढा देऊ नये.

पोट फुगण्याबरोबर वजन आपोआप कमी होत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा मळ डांबरासारखा काळा असेल, गिळताना अडकत असेल, उलट्या थांबत नसतील, पोटातल्या दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, किंवा वयाच्या पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर वहीचा आठवडाही घालवू नये. पोट कडक झाले आहे, वायू आणि शौच दोन्ही बंद आहेत आणि उलट्या होत आहेत, ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची अवस्था. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी: आधी कधी नव्हता असा फुगवटा महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस राहू लागला, थोडे खाऊनच पोट भरू लागले, लघवीला वारंवार जावे लागू लागले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून अंडाशयांची तपासणी करून घ्यावी. अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला बऱ्याचदा असाच, गॅससारखा जाणवतो, आणि ओवा-बडीशेपेत महिने निघून जातात.

आणि छातीच्या मधोमध किंवा पोटाच्या वरच्या टोकाला दाब येतो आहे, घाम फुटला आहे, जबडा, खांदा किंवा हात दुखतो आहे, चालल्यावर वाढते आहे, तेव्हा घरातले कुणीतरी हमखास म्हणते, ‘गॅस असेल, ओवा खा.’ मधुमेही माणसात आणि बायकांत हृदयविकाराचा झटका पुष्कळदा दुखण्याशिवाय, नुसत्या अस्वस्थतेने आणि मळमळीने येतो. अशा वेळी ओवा चावून ढेकर येण्याची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि जिथे हृदयाचा आलेख लगेच काढता येईल अशा ठिकाणी पोचायचे.